नव्वद दिवसांची नोटिस : रिक्रूटरला मेल पाठवण्याआधी हाताशी काय हवं

ऑफर लेटर आलं की माणूस आधी पगाराचा आकडा बघतो, मग पुन्हा पगाराचाच आकडा बघतो. रुजू होण्याची तारीख दिसते ती तिसऱ्या वाचनात. माझ्या मावसभावाला ती रात्री अकराला दिसली आणि त्याने लगेच फोन लावला. "ताई, यांनी सोळा जुलै लिहिलंय गं. माझी नोटिस नव्वद दिवसांची आहे. काय लिहू?"

तो दिवस गुरुवार, २९ मे २०२५. मावसभाऊ हिंजवडीतल्या एका आयटी सर्विस कंपनीत पाच वर्षं आहे. नवी कंपनी खराडीची, होणारा मॅनेजर मात्र बंगळुरूला बसतो. मी अकरा वर्षं रिक्रूटमेंट केली, त्यामुळे नात्यातली असली सगळी प्रकरणं माझ्याकडे येतात. मेलचा कच्चा मसुदा त्याने आधीच लिहून ठेवला होता. तीन परिच्छेद, दोनदा माफी, सध्याच्या प्रोजेक्टची कहाणी, घरचे गणपती आणि शेवटी 'शक्य तितक्या लवकर जॉइन होण्याचा प्रयत्न करेन'. एवढ्या मजकुरात तारीख एकही नव्हती.

तो मेल पलीकडे कसा वाचला जातो ते आधी सांगते, म्हणजे पुढची तयारी कशासाठी ते कळेल. रिक्रूटरला तुमचा मेल वाचून दोन कामं करायची असतात. सिस्टिममध्ये रुजू होण्याच्या तारखेचा एक चौकोन असतो, त्यात नवी तारीख टाकायची. मग मॅनेजरला दोन ओळींत सांगायचं, की उमेदवार अमुक तारखेला येईल आणि उशिराचं कारण तमुक. चौकोनात 'शक्य तितक्या लवकर' बसत नाही. रिक्रूटर स्वतः तारीख मंजूर करत नाही, ती मंजूर करून आणते. म्हणजे मेल तिच्या नावाने गेला तरी खरा वाचक मॅनेजर असतो, आणि मेलमधल्या दोन ओळी जशाच्या तशा उचलून त्याला पाठवता आल्या पाहिजेत.

तर पहिली तयारी म्हणजे आत्ताच्या कंपनीचं नेमणूकपत्र उघडून नोटिसचं कलम शब्दन् शब्द वाचणं. ऐकीव माहिती इथे चालत नाही. बऱ्याच कंपन्यांत प्रोबेशनमध्ये नोटिस एक महिन्याची असते आणि कायम झाल्यावर वाढते, कधी बढतीच्या पत्रात गुपचूप बदललेली असते, म्हणून शेवटचं पत्र कोणतं ते बघा. कलमात 'नव्वद दिवस' आहे की 'तीन महिने', हे बघा. फरक थोडाच पडतो, पण पडतो : २ जूनला राजीनामा दिला आणि तोच दिवस पहिला धरला, तर नव्वदावा दिवस ३० ऑगस्टला येतो आणि तीन महिने १ सप्टेंबरला पुरे होतात. राजीनाम्याचा दिवस मोजतात की दुसऱ्या दिवसापासून मोजतात, हे कलमात बहुधा नसतंच, ते एचआरच्या पोर्टलवर तारीख पडल्यावर कळतं. मग नोटिसमध्ये रजा घेतली तर शेवटचा दिवस तितका पुढे जातो का, ते बघा. मावसभावाच्या कंपनीत जातो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि येत असेल तर ते कोणाच्या हातात आहे. 'नोटिस किंवा तिच्या बदल्यात पगार' एवढंच लिहिलेलं असेल तर तुमची बाजू बरी. पुढे 'कंपनीच्या मर्जीनुसार' असं शेपूट असेल, तर बायआउट हा तुमचा हक्क नाही, मागितलं तर मिळेल किंवा मिळणार नाही. मावसभावाच्या पत्रात ते शेपूट होतं.

याच बैठकीत एकदा रिटेन्शन बोनस, जॉइनिंग बोनस आणि ट्रेनिंगचा बाँड यांची पत्रं चाळून घ्या. अमुक तारखेच्या आत सोडलं तर पैसे परत, अशी अट त्यात असते आणि ती तारीख पंधरवड्यावर असेल तर अख्खं गणित फिरतं.

दुसरी तयारी थोडी अवघड, कारण ती स्वतःच्या शब्दांची आहे. पहिल्या फोनवर आपण रिक्रूटरला नक्की काय म्हणालो होतो? मावसभावाला विचारलं तेव्हा तो जरा घुटमळला. एप्रिलमध्ये पहिला कॉल आला तेव्हा "नोटिस नव्वद आहे, पण निगोशिएबल" असं तो म्हणाला होता. सगळेच म्हणतात. नव्वद ऐकलं की पलीकडून फोन ठेवतील ही भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही, कारण मीही तसे फोन ठेवले आहेत. पण रिक्रूटरने त्या 'निगोशिएबल'चे पंचेचाळीस दिवस केले, आणि १६ जुलै तिथून आला. म्हणजे नवी कंपनी वाटेल ती तारीख लादत नव्हती, तिने याचाच शब्द धरला होता. अशा वेळी मेलमध्ये त्या शब्दाचा हिशेब एका वाक्यात द्यावा. लपवला तर रिक्रूटरला तो आठवतोच, तिच्या नोंदीत असतो.

तिसरी गोष्ट, आणि इथे भलेभले चुकतात : तुमचा शेवटचा दिवस राजीनाम्यावर टांगलेला, राजीनामा ऑफर लेटरवर टांगलेला, आणि लेटरमधली तारीख रिक्रूटरच्या उत्तरावर. 'मी ८ सप्टेंबरला येतो' असं आज लिहिलं आणि सुधारित लेटर यायला दहा दिवस लागले, तर तुमची तारीख दहा दिवसांनी घसरते आणि दोष मात्र तुमच्या माथी येतो. म्हणून मेलमधली तारीख नेहमी सशर्त लिहायची, लेटर अमुक दिवसापर्यंत आलं तर अमुक तारीख. यात दटावणी काही नाही, नुसती मोजणी आहे. उलट यामुळे रिक्रूटरला घाई करायला कारण मिळतं. तारीख बदललेलं लेटर हातात येण्याआधी राजीनामा टाकू नका, हे वेगळं सांगायला नको. तोंडी "हो, चालेल" वर राजीनामा देऊन जुन्या लेटरमधली 'या तारखेपर्यंत रुजू न झाल्यास ऑफर रद्द' ही ओळ डोक्यावर घेऊन फिरणारे उमेदवार मी पाहिले आहेत.

आता गणपतीचं. मावसभावाचं घर राजापूरकडचं, गौरी-गणपतीला गेलं नाही तर मावशी वर्षभर बोलणार नाही. २०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला, गौरी ३१ ऑगस्टला येणार आणि २ सप्टेंबरला जाणार. शेवटचा दिवस ३० ऑगस्ट धरला तर पुढचा सोमवार १ सप्टेंबर, म्हणजे ऐन गौरीपूजनाचा दिवस. नवी कंपनी शक्यतो सोमवारी लोकांना रुजू करून घेते, हे त्याने विचारून ठेवलं होतं (हेही आधी विचारायचं असतं). तेव्हा त्याला हवा होता ८ सप्टेंबर. मसुद्यात त्याने नोटिस आणि सण यांची अशी खिचडी केली होती, की मॅनेजरला वाटावं, नव्वद दिवसांतले अर्धे गणपतीचेच आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या. नोटिस ही तुमच्या हातात नसलेली गोष्ट, तिथे कलम दाखवा. सण ही तुम्ही निवडलेली गोष्ट, तिथे सरळ विनंती करा आणि किती दिवसांची ते सांगा. सणासाठी आजीला आजारी पाडू नका. एक आठवडा मे महिन्यात मागितला तर कोणाला फारसा टोचत नाही. तोच २५ ऑगस्टला मागितला तर मॅनेजर दुसरा उमेदवार तयार ठेवायला सांगतो.

मेल इंग्रजीतच जाणार होता, पण आधी आम्ही तो मराठीत बोलून घेतला. शेवटी तो असा झाला :

"ऑफर लेटर मिळालं, आभार. पगार आणि बाकी अटी मला मान्य आहेत. फक्त रुजू होण्याच्या तारखेबद्दल विनंती आहे. लेटरमध्ये १६ जुलै आहे. माझ्या नेमणूकपत्राप्रमाणे नोटिस ९० दिवसांची आहे आणि ती कमी करणं कंपनीच्या मर्जीवर आहे. ते कलम खाली उतरवून दिलं आहे. पहिल्या फोनवर मी नोटिस कमी होऊ शकेल असं म्हणालो होतो, पण तशी लेखी खात्री आज माझ्याकडे नाही, म्हणून पूर्ण मुदत धरून तारीख देतो आहे. सुधारित लेटर सोमवार, २ जूनपर्यंत मिळालं तर मी त्याच दिवशी राजीनामा देईन आणि माझा शेवटचा दिवस ३० ऑगस्ट असेल. २ सप्टेंबरपर्यंत गावी गौरी-गणपती आहेत, त्यामुळे सोमवार, ८ सप्टेंबरला रुजू होण्याची परवानगी मिळावी. लवकर सुटका लेखी मंजूर झाली तर त्याच दिवशी कळवीन. पडताळणीची कागदपत्रं या आठवड्यातच पाठवतो."

बस, एवढाच. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, ऑफरचा क्रमांक आणि 'रुजू होण्याची तारीख १६ जुलैऐवजी ८ सप्टेंबर'. विषयातच दोन्ही तारखा असल्या की शंभर मेलांत तो हरवत नाही. कलमाचा मजकूर उतरवून दिला, पण अख्खं नेमणूकपत्र जोडलं नाही. त्यात पगाराची फोड असते, आणि ती नव्या कंपनीला या कामासाठी लागत नाही. 'पडताळणीची कागदपत्रं या आठवड्यात' ही ओळ मी आग्रहाने घातली. तीन महिने वाट बघायला लावणारा उमेदवार मध्येच दुसरीकडे जाईल ही कंपनीची खरी धास्ती असते. कागदपत्रं आधी देणारा माणूस येणार आहे असं वाटतं, आणि बहुतेक वेळा तो येतोही.

मेल कोणाला जातो आहे तेही तपासा. मावसभावाशी बोलणारी बाई कंपनीची होती, म्हणून अडचण नव्हती. पण मधे कन्सल्टन्सी असेल तर कंपनीच्या एचआरलाही त्या मेलमध्ये घ्या. कन्सल्टन्सीचे पैसे तुम्ही रुजू झाल्यावर मिळतात. त्यामुळे तुम्हाला "चालेल हो" आणि कंपनीला "नाही, जुलैतच आणतो" असं दोन्हीकडे गोड बोलण्याचा मोह तिथे असतो. त्यातला खोटेपणा जुलै उजाडल्यावर कळतो, तोवर राजीनामा गेलेला असतो.

शुक्रवारी दुपारी उत्तर आलं : मॅनेजरला १ ऑगस्ट हवा आहे, जमेल का? इथे नवशिका 'हो, प्रयत्न करतो' लिहून मोकळा होतो. मी त्याला एवढंच लिहायला सांगितलं, की १ ऑगस्टसाठी नोटिसचा शेवटचा एक महिना माफ व्हावा लागेल, त्याचा निर्णय राजीनाम्यानंतर सध्याचा मॅनेजर करेल, म्हणून लेटरमध्ये ८ सप्टेंबर ठेवावा आणि लवकर सुटलो तर आपण तारीख अलीकडे घेऊ. शिवाय एक प्रश्न जोडला, की बायआउटची वेळ आली तर ती रक्कम नवी कंपनी देते का. हा प्रश्न ऑफर स्वीकारण्याआधीच विचारायचा. नंतर विचारला तर उत्तर 'धोरणात बसत नाही' असं येतं. शनिवारी सुधारित लेटर आलं, ८ सप्टेंबरचं. सोमवारी त्याने राजीनामा टाकला, पोर्टलवर शेवटचा दिवस ३० ऑगस्ट पडला, आणि ती स्वीकृती त्याने रिक्रूटरला पाठवली. एम्प्लॉयी नंबर झाकून.

जूनभर काही घडलं नाही. महिन्यातून दोनदा, दोन ओळींचा मेल : हस्तांतर सुरू आहे, तारखेत बदल नाही. कंटाळवाणं काम आहे, पण रिक्रूटरला मॅनेजरने विचारलं तर सांगायला काहीतरी हातात लागतं.

जुलैच्या मध्याला उलटीच गोष्ट झाली. त्याच्या जागी येणारा माणूस अपेक्षेपेक्षा लवकर आला आणि जुना मॅनेजर म्हणाला, "ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोडतो तुला." मावसभाऊ त्याच संध्याकाळी नव्या कंपनीला कळवायला निघाला होता, मी थांबवलं. मॅनेजरचं 'सोडतो' आणि पोर्टलवरची तारीख यांच्यात एचआर बसलेलं असतं, आणि कधीकधी क्लायंटही. खूण एकच : पोर्टलवर शेवटचा दिवस बदलला का? तोवर तो ३० ऑगस्टच समजायचा. तारीख एकदा बदलली तर कोणी काही म्हणत नाही. दुसऱ्यांदा बदलली की मॅनेजर 'बॅकअप बघा' म्हणतो, आणि रिक्रूटरच्या भाषेत बॅकअप म्हणजे तुमच्या जागेसाठी पुन्हा मुलाखती. आठवडाभराने पोर्टलवर शुक्रवार, ८ ऑगस्ट दिसला. मग मेल गेला.

लवकर येण्याचा मेल लिहायला सोपा वाटतो, कारण बातमी गोड असते. त्यातही तयारी आहेच. आधी नव्या कंपनीचं विचारायचं, की पडताळणी पुरी झाली आहे का, लॅपटॉप मिळेल का, त्या सोमवारी रुजू करून घेण्याची फेरी आहे का. हे नसेल तर तुम्ही लवकर सुटून घरी बसाल, पगाराविना. दोन तारखांमधलं अंतर तपासायचं. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सहसा शेवटच्या दिवशी संपतो, आणि नवा रुजू झाल्यावर लागतो. जुन्या बेतात ३१ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर असे आठ दिवस घरचे विम्याविना होते, नव्या बेतात मधला फक्त शनिवार-रविवार. उलट टोकाला, जुन्या कंपनीने ३० ऑगस्ट ही तारीख तशीच ठेवली आणि तुम्ही ११ ऑगस्टला नवीकडे हजर झालात, तर भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात दोन नोकऱ्या एकमेकींवर चढलेल्या दिसतात. पडताळणीवाले त्यावर बोट ठेवतात.

पैशांचंही लिहून घ्यायचं. ९ ते ३० ऑगस्ट हे बावीस दिवस उरत होते. त्याचा मूळ पगार महिना ४२,००० रुपये, कंपनी बायआउट मूळ पगारावर मोजते आणि महिना तीस दिवसांचा धरते, म्हणजे ३०,८०० रुपये. हाच हिशेब एकूण पगारावर झाला असता तर दुपटीहून जास्त गेला असता, म्हणून कलमातला तो शब्द आधी वाचायचा. सुटका कंपनीच्या सोयीने झाली आहे, तेव्हा वसुली माफ व्हावी असा मेल त्याने जुन्या मॅनेजरला केला, आणि ती माफ झाली. झाली नसती तर नव्या कंपनीकडून भरपाई मागता आली असती, पण ती सहसा पगारातून येते, त्यावर कर कापला जातो, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावी लागण्याची अट असू शकते. आणखी एक बारीक गोष्ट : नोटिसच्या वसुलीवर जीएसटी लागत नाही, असा खुलासा ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय परिपत्रकात झालेला आहे. अंतिम हिशेबात तो लावलेला दिसला तर विचारा.

आणि गणपती? आता तर तो नव्या कंपनीत दोन आठवड्यांचा जुना असणार, रजा जेमतेम साठलेली. म्हणून लवकर येण्याच्या त्याच मेलमध्ये शेवटची ओळ होती : "११ ऑगस्टला रुजू झालो तर २८ आणि २९ ऑगस्ट, तसेच १ आणि २ सप्टेंबर अशी चार दिवस रजा मिळावी, शिल्लक नसेल तर बिनपगारी चालेल." २७ ला पुण्याच्या ऑफिसला सुट्टी होतीच. चार आठवडे आधी माणूस मिळतो आहे म्हटल्यावर बंगळुरूच्या मॅनेजरने त्या चार दिवसांवर चर्चासुद्धा केली नाही. तरी मी "तारखेसकट लेखी घे" म्हटलं, कारण नुसतं "नोटेड" असं उत्तर आलं होतं, आणि नोटेडचा अर्थ मंजूर असा होत नाही. त्याने एका ओळीत विचारलं, की सुधारित लेटरमध्ये ११ ऑगस्ट येईल ना आणि रजेचं मॅनेजरला कळलं आहे ना. दोन्हीचं 'हो' आल्यावरच २६ च्या रात्रीची तिकिटं शोधायला घेतली. कोकण रेल्वे तोवर अर्थातच भरलेली होती. एसटी मिळाली.